विश्लेषण : संदर्भयादीतील शोधनिबंध मागे तर घेतलेला नाही ना? कसे तपासायचे?

अतिदक्षता विभागातील रुग्णांना शिरेतून दिल्या जाणाऱ्या एका द्रवामुळे मृत्यूचा धोका वाढतो का? २०१३ मध्ये या प्रश्नाचे उत्तर सात जुन्या चाचण्यांवर येऊन अडले. त्या हिशेबात धरल्या तर ‘ठामपणे सांगता येत नाही’ आणि वगळल्या तर ‘हो, वाढतो’. या चाचण्या करणाऱ्या संशोधकाचे नंतरचे अनेक शोधनिबंध मागे घेतले गेले होते. पीएच.डी., एम.डी. किंवा एम.टेक.साठी पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजेच लिटरेचर रिव्ह्यू करणाऱ्या प्रत्येकासमोर ही अडचण येऊ शकते. आधार म्हणून घेतलेला निबंध आज उभा आहे की नाही, हे तपासायचे कसे आणि तो मागे घेतलेला निघाला तर करायचे काय?

सात चाचण्यांचे प्रकरण काय?

हायड्रॉक्सिइथाइल स्टार्च हा मका किंवा बटाट्याच्या स्टार्चपासून तयार होणारा द्रव. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्गामुळे रुग्णाचा रक्तदाब कोसळला की रक्तवाहिन्यांतील द्रवाचे प्रमाण टिकवण्यासाठी तो वापरला जाई. साध्या सलाइनपेक्षा तो रक्तवाहिन्यांत अधिक काळ राहतो, हा त्यामागचा तर्क. या द्रवाची बाजू मांडणाऱ्यांत जर्मनीतील भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांचे नाव आघाडीवर होते. त्यांच्या नावावर शेकडो शोधनिबंध होते.

२००९ च्या अखेरीस ‘अ‍ॅनेस्थेशिया अँड अ‍ॅनाल्जेसिया’ या नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला. त्यातील आकडे वाचकांना खटकले. वेगवेगळ्या रुग्णांच्या तपासण्यांत जेवढा चढउतार दिसायला हवा, तेवढा तिथे नव्हता. वाचकांनी संपादकांना कळवले, चौकशी झाली आणि २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. पुढच्याच वर्षी अनेक नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन बोल्ट यांचे ८८ निबंध मागे घेत असल्याचे जाहीर केले. त्या अभ्यासांना नैतिकता समितीची परवानगी होती, हे सिद्ध करता आले नव्हते. आज त्यांच्या मागे घेतलेल्या निबंधांची संख्या २०० च्या वर आहे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात या द्रवावरील ३८ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मृत्यूची माहिती उपलब्ध असलेले रुग्ण होते १०,८८०. सर्व चाचण्या धरल्यावर स्टार्च दिलेल्या रुग्णांतील मृत्यूचे सापेक्ष प्रमाण १.०७ आले, म्हणजे इतर द्रव दिलेल्यांपेक्षा ७ टक्के अधिक. मात्र या आकड्याची विश्वासमर्यादा १.०० ते १.१४ होती. १ याचा अर्थ ‘फरक नाही’. खालची मर्यादा नेमकी तिथेच टेकत असल्याने धोका नक्की वाढतो, असे म्हणता येत नव्हते.

त्यानंतर आढाव्याच्या लेखकांनी बोल्ट यांच्या सात चाचण्या वगळून तोच हिशेब पुन्हा केला. या चाचण्यांत मिळून ५९० रुग्ण होते, म्हणजे शंभरातले साडेपाचही नाहीत. नवा आकडा आला १.०९ आणि मर्यादा १.०२ ते १.१७. फरक दोन शतांशांचा दिसतो. पण खालची मर्यादा आता १ च्या वर गेली होती आणि निष्कर्ष ‘मृत्यूचा धोका वाढतो’ असा झाला. मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या द्रवावर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले.

त्या सात चाचण्यांवर ‘मागे घेतला’ असा शिक्का होता का?

या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट इथेच आहे. मागे घेतले गेले होते ते बोल्ट यांचे नंतरचे संशोधन. हिशेबात आलेल्या सात चाचण्या त्याआधीच्या होत्या. एखाद्याने या सातही निबंधांची नावे शोधसूचीत टाकून पाहिली असती, तर कुठेही धोक्याची खूण दिसली नसती. आढाव्याच्या लेखकांनी केवळ निबंध तपासले नाहीत, निबंध लिहिणाराही तपासला. त्यानंतर दोन्ही हिशेब, सात चाचण्यांसह आणि त्यांच्याविना, वाचकांसमोर ठेवले.

निबंधावर शिक्का नाही, म्हणजे तो निर्दोष, असे होत नाही. शिक्का बसायला वेळ लागतो. संस्थेची चौकशी, संपादकांचा निर्णय आणि प्रकाशकांची प्रक्रिया यांत अनेकदा वर्षे जातात. शिक्का आहे का हे पाहणे ही पहिली पायरी, पण ती टाळता येत नाही.

‘मागे घेणे’ आणि ‘दुरुस्ती’ यांत फरक काय?

प्रसिद्ध झालेल्या निबंधाबाबत नियतकालिक साधारणपणे तीन प्रकारच्या सूचना काढते. पहिली दुरुस्ती : एखादा तक्ता, मात्रा, एकक किंवा आकडा चुकला, पण मूळ काम उभे आहे. दुसरी शंकासूचना, इंग्रजीत ‘एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न’ : काहीतरी गंभीर असावे, पण चौकशी अपुरी आहे. तिसरी ‘रिट्रॅक्शन’, म्हणजे निबंध मागे घेणे : यातील निष्कर्षांवर आता विसंबू नये.

निबंध मागे घेतला म्हणजे तो काढून टाकला, असे नाही. तो बहुधा संकेतस्थळावर राहतो, त्यावर शिक्का बसतो आणि कारण सांगणारी वेगळी सूचना प्रसिद्ध होते. ही सूचना हाही स्वतंत्र मजकूर असतो. तिला स्वतःचा डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमस्वरूपी डिजिटल क्रमांक असतो. अडचण इथून सुरू होते. मूळ निबंध एका ठिकाणी आणि सूचना दुसऱ्या ठिकाणी. या दोहोंना जोडणारा दुवा शोधणे, हेच तपासणीचे काम.

संगणकात साठवलेली पीडीएफ पुरेशी का नाही?

आढाव्याचे काम सहसा वर्ष-दोन वर्षे चालते. विद्यार्थी सुरुवातीला शेकडो पीडीएफ उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवतो आणि पुढे त्याच वाचतो. पण उतरवलेली फाइल त्या दिवशी गोठलेली असते. तिच्यावर नंतर शिक्का उमटत नाही. मार्गदर्शकाने ईमेलने पाठवलेली प्रत, लेखकाने स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवलेली प्रत, प्रयोगशाळेतील ज्येष्ठ विद्यार्थ्याने पेन ड्राइव्हवर दिलेली प्रत, या सगळ्यांचे तेच. गुगल स्कॉलरच्या यादीतही शिक्का दिसेलच असे नाही.

त्यामुळे तपासणी फाइलवरून करायची नाही, डीओआयवरून करायची. ब्राउझरमध्ये `https://doi.org/` यापुढे डीओआय टाकला की प्रकाशकाचे मूळ पान उघडते. तिथे शीर्षकाच्या आसपास सूचना दिसते का, ते पाहायचे. अनेक प्रकाशकांच्या पानावर आणि पीडीएफमध्येही `Check for updates` असे लिहिलेले ‘क्रॉसमार्क’चे बटण असते. त्यावर क्लिक केले की निबंधाची आजची स्थिती कळते. फाइल जुनी असली, तरी त्यातील बटण मात्र ताजी माहिती आणते. अर्थात प्रकाशकाने सूचना नोंदवली असेल तरच.

शंभर-दोनशे निबंध एकेक करून कसे तपासणार?

तशी गरज नाही. मोठ्या यादीसाठी तीन मार्ग सोयीचे आहेत.

पहिला, संदर्भ सांभाळणारे ‘झोटेरो’ हे मोफत सॉफ्टवेअर. २०१९ पासून ते ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या नोंदींशी आपली यादी आपोआप पडताळून पाहते. मागे घेतलेला निबंध सापडला, तर त्यावर लाल खूण येते, डावीकडे `Retracted Items` हा वेगळा गट दिसतो आणि वर्डमध्ये तो संदर्भ घालू लागताच इशारा मिळतो. यादीत टाकलेला निबंध उद्या मागे घेतला गेला, तरी कळते. मात्र ही पडताळणी डीओआय किंवा पबमेड क्रमांकावरून होते. नोंद हाताने टाइप केली आणि डीओआयचा रकाना रिकामा ठेवला, तर झोटेरो गप्प बसते. त्याचे मौन ‘सगळे ठीक’ असे वाटते, प्रत्यक्षात तपासणी झालेलीच नसते. त्यामुळे आधी यादी लावून डीओआय नसलेल्या नोंदी वेगळ्या काढाव्यात.

दुसरा मार्ग रिट्रॅक्शन वॉचचा मूळ विदा. इव्हान ओरान्स्की आणि अ‍ॅडम मार्कस या पत्रकारांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमाचा माहितीसाठा सप्टेंबर २०२३ मध्ये क्रॉसरेफ या डीओआय नोंदणाऱ्या संस्थेने घेतला आणि सर्वांसाठी खुला केला. `retractiondatabase.org` येथे शीर्षक किंवा लेखकाच्या नावाने शोध घेता येतो. संपूर्ण साठा सीएसव्ही फाइल म्हणूनही मिळतो. ती फाइल एक्सेलमध्ये `rw` नावाच्या शीटमध्ये घ्यावी. त्यात `OriginalPaperDOI` हा रकाना असतो. तो O या स्तंभात आला असेल आणि आपले डीओआय दुसऱ्या शीटमध्ये A या स्तंभात असतील, तर तिथल्या B2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढावे.

```
=COUNTIF(rw!O:O,A2)
```

शून्य आले, तर नोंद नाही. एक किंवा अधिक आले, तर ती ओळ उघडून `RetractionNature` हा रकाना वाचावा. या साठ्यात मागे घेतलेल्या निबंधांबरोबर काही दुरुस्त्या आणि शंकासूचनाही असल्याने प्रत्येक जुळणी म्हणजे ‘मागे घेतला’ असे समजू नये. इथे एक चूक नेहमी होते. आपल्या यादीत डीओआय `https://doi.org/10...` असा पूर्ण पत्त्यासह असतो किंवा शेवटी पूर्णविराम चिकटलेला असतो, तर साठ्यात तो फक्त `10...` पासून सुरू होतो. मग काहीच जुळत नाही आणि सगळीकडे शून्य दिसते. म्हणून मागे घेतल्याचे नक्की माहीत असलेला एखादा डीओआय आपल्या यादीत मुद्दाम टाकून पाहावा. तो पकडला गेला, तरच बाकीच्या शून्यांना अर्थ आहे.

तिसरा मार्ग वैद्यक आणि जीवशास्त्रासाठी. पबमेडमध्ये आपल्या विषयाला पुढीलप्रमाणे अट जोडली की त्या विषयातील मागे घेतलेले निबंध एकत्र समोर येतात.

```
hydroxyethyl starch AND "retracted publication"[pt]
```

याचा फायदा दुहेरी आहे. आपल्या यादीतील निबंध त्यात आहे का, हे तर कळतेच, शिवाय या विषयात कोणाचे काम वारंवार मागे घेतले गेले आहे, तेही दिसते. ‘जामा’तील आढाव्याच्या लेखकांना जी शंका घ्यावी लागली, ती घेण्याची वाट अशी सापडते. एखादे नाव तीन-चार वेळा आले, तर आपल्या यादीतील त्या लेखकाचे बिनशिक्क्याचे निबंधही पुन्हा वाचायला हवेत.

निबंध मागे घेतलेला निघाला, तर तो थेट वगळायचा का?

आधी सूचना वाचायची. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘प्रेडिमेड’ ही स्पेनमधील चाचणी. ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा भरपूर असलेल्या भूमध्य प्रदेशातील आहाराने हृदयविकार, पक्षाघात यांसारखे आजार टळतात का, हे ७,४४७ जणांवर तपासले गेले. २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला हा निबंध आहारशास्त्रातील अनेक आढाव्यांत आणि प्रबंधांत उद्धृत झाला.

२०१७ मध्ये ब्रिटिश भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी पाच हजारांहून अधिक चाचण्यांतील सुरुवातीच्या माहितीचे सांख्यिकी पृथक्करण प्रसिद्ध केले. चाचणीत कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले असेल, तर गटांचे वय, वजन, उंची यांच्या सरासरीत काही ठरावीक प्रमाणातच फरक पडतो. प्रेडिमेडमध्ये हे गणित बसत नव्हते. लेखकांनी आपल्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा काही ठिकाणी नियम मोडल्याचे आढळले. एकाच घरातील दुसऱ्या व्यक्तीला चिठ्ठी न टाकता पहिलीच्याच गटात टाकले होते. एका केंद्रात तर व्यक्तीऐवजी संपूर्ण दवाखान्याला एकच आहार ठरवून दिला होता.

जून २०१८ मध्ये लेखकांनी मूळ निबंध मागे घेतला आणि सुधारित विश्लेषणासह नवा निबंध त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला. आता तपासणी करून पाहू. जुना डीओआय आहे `10.1056/NEJMoa1200303`. तो `https://doi.org/` पुढे टाकला की प्रकाशकाच्या पानावर निबंध मागे घेतल्याचे दिसते आणि तिथून नव्या निबंधाकडे जाता येते. नव्याचा डीओआय `10.1056/NEJMoa1800389`.

दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले तर आश्चर्य वाटते. ऑलिव्ह तेलाच्या गटात धोक्याचे गुणोत्तर पूर्वी ०.७० होते, नव्या निबंधात ०.६९. सुकामेव्याच्या गटात दोन्हीकडे ०.७२. ज्यांची गटवारी नियमाबाहेर गेल्याचे माहीत होते किंवा तशी शंका होती, अशा १,५८८ जणांना वगळूनही चित्र फारसे बदलले नाही. मग बदलले काय? पुराव्याची जात. सर्वांची गटवारी चिठ्ठ्यांनीच झाली, असे आता म्हणता येत नाही. त्यामुळे ‘या आहाराने धोका कमी होतो’ हे कार्यकारणाचे विधान मूळ निबंधातल्या जोमाने करता येत नाही.

म्हणजे शिक्का तोच, पण बोल्ट आणि प्रेडिमेड या दोन प्रकरणांत करायच्या गोष्टी वेगळ्या. जिथे अभ्यास झाला होता का, हाच प्रश्न आहे, तिथे निबंध वगळायचा आणि वगळल्याचे कारण लिहायचे. जिथे प्रामाणिक चुकीमुळे निबंध मागे घेऊन नवा दिला आहे, तिथे नवा वाचून त्याचे आकडे घ्यायचे, संदर्भही नव्याचाच द्यायचा आणि पुराव्याच्या दर्जाची नोंद त्यानुसार बदलायची. जुना निबंध नजरेखालून घालून नव्याचा फक्त क्रमांक डकवणे, ही पळवाट आहे. मजकूर जुन्याचा आणि संदर्भ नव्याचा, असे त्यातून होते.

सूचनेत कारणच दिलेले नसेल, तर? काही नियतकालिके दोन ओळींत काम उरकतात. अशा वेळी निबंध हिशेबाबाहेर ठेवणे आणि तसे स्पष्ट लिहिणे, हा सुरक्षित मार्ग.

साध्या दुरुस्तीने एवढा काय फरक पडतो?

मागे घेतलेल्या निबंधांची चर्चा होते, दुरुस्त्यांकडे मात्र दुर्लक्ष होते. आकडे एकत्र करणाऱ्या आढाव्यात एका दुरुस्तीने संपूर्ण निकाल हलू शकतो. नेहमी आढळणारी चूक म्हणजे प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांची अदलाबदल. पहिले व्यक्ती-व्यक्तींमधील फरक सांगते, दुसरे सरासरी किती अचूक आहे ते सांगते.

समजा, एका अभ्यासात १०० जण आहेत आणि प्रमाण विचलन १० आहे. प्रमाण त्रुटी काढताना त्याला १०० च्या वर्गमुळाने, म्हणजे १० ने भागायचे. उत्तर १. आता तक्त्यात चुकून ‘प्रमाण विचलन १’ असे छापले गेले. आढावा करणारा त्यालाच विचलन समजून पुन्हा १० ने भागतो आणि त्रुटी ०.१ धरतो. एकत्रित हिशेबात प्रत्येक अभ्यासाला त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन मिळते. त्रुटी १ असती तर वजन १ मिळाले असते, ०.१ धरल्यावर ते १०० होते. एका छापील चुकीमुळे हा अभ्यास शंभरपट भारी होऊन बाकीच्यांना झाकोळून टाकतो. नियतकालिकाने पुढे दुरुस्ती छापलीही असेल, पण ज्याने ती पाहिली नाही, त्याच्या आलेखात हा एकच ठिपका सगळ्यांना आपल्याकडे ओढत राहतो.

ओळखायचे कसे? इतर अभ्यासांत विचलन ८ ते १२ च्या दरम्यान आणि एकात १, असे दिसले की थांबायचे आणि त्या निबंधाची दुरुस्ती निघाली आहे का, ते शोधायचे. पबमेडमध्ये शीर्षकाजवळ `Erratum in` असा दुवा दिसतो. प्रकाशकाच्या पानावर तो बहुधा `Correction` या नावाने असतो. झोटेरोचा इशारा मागे घेतलेल्या निबंधांसाठी आहे, दुरुस्त्यांसाठी नाही. रिट्रॅक्शन वॉचच्या साठ्यातही सर्व दुरुस्त्या नसतात. त्यामुळे ज्या निबंधांतून प्रत्यक्ष आकडे घेतले आहेत, त्यांची पाने एकेक करून उघडण्याला पर्याय नाही. सुदैवाने असे निबंध संपूर्ण यादीच्या मानाने थोडे असतात.

आपली यादी स्वच्छ, तरी धोका उरतो का?

उरतो. विद्यार्थी अनेकदा मूळ चाचण्यांऐवजी कोणीतरी आधी केलेल्या आढाव्याचा आधार घेतात. तो आढावा स्वतः मागे घेतलेला नसतो, त्यामुळे सगळ्या चाळण्यांतून सहज पार होतो. पण त्याच्या पोटात मागे घेतलेल्या चाचण्या असू शकतात. २०१० पूर्वी या स्टार्चवर झालेले आढावे घ्या. त्यांच्या लेखकांची काही चूक नव्हती, त्या वेळी बोल्ट यांचे निबंध प्रमाण मानले जात होते. पण आज तो आढावा उद्धृत करणारा अप्रत्यक्षपणे त्याच आकड्यांवर उभा राहतो.

म्हणून ज्या आढाव्यावर आपला एखादा महत्त्वाचा मुद्दा अवलंबून आहे, त्यात समाविष्ट केलेल्या अभ्यासांची यादी काढून तीही वरच्याच पद्धतीने तपासावी. त्यातला एखादा मागे घेतलेला निघाला, तर त्याचे वजन किती होते, ते आढाव्यातील आलेखावरून कळते. बोल्ट यांच्या सात चाचण्यांत साडेपाच टक्केच रुग्ण होते आणि तेवढ्यानेही निष्कर्षाची बाजू बदलली, हे इथे लक्षात ठेवावे.

तपासणी केव्हा करायची?

२०२० मधील एक प्रकरण भारतीय वाचकांच्या स्मरणात असेल. करोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देणे घातक आहे, असे सांगणारा निबंध ‘द लॅन्सेट’मध्ये २२ मे रोजी आला. ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ रुग्णांच्या नोंदींवर तो आधारल्याचा दावा होता. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील या औषधाचा वापर तात्पुरता थांबवला. मेअखेरीस नियतकालिकाने एक दुरुस्ती काढली. एका रुग्णालयाची गणना चुकीच्या खंडात झाली होती आणि निष्कर्षांत बदल नाही, असे त्यात म्हटले होते. मात्र मूळ नोंदी स्वतंत्र तपासणीसाठी मिळू शकल्या नाहीत आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात चारपैकी तीन लेखकांनी निबंध मागे घेतला. १ जून रोजी तपासणाऱ्याला फक्त दुरुस्ती दिसली असती, आठवड्याभराने शिक्का.

इतक्या वेगाने क्वचितच घडते. पण एकदा तपासून भागत नाही, हे त्यातून दिसते. किमान तीन टप्पे ठेवावेत. निबंध आढाव्यात घ्यायचा ठरवताना एकदा, त्यातून आकडे काढताना दुसऱ्यांदा आणि प्रबंध किंवा लेख सादर करण्याच्या आठवड्यात संपूर्ण यादी तिसऱ्यांदा. वैद्यकीय आढाव्यांसाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या कॉक्रेनच्या नियमांत, समाविष्ट अभ्यासांविषयीच्या मागे घेण्याच्या सूचना आणि दुरुस्त्या पाहणे बंधनकारक आहे. तपासणीची तारीख आणि वापरलेली साधने पद्धतीच्या प्रकरणात एका वाक्यात लिहावीत. उद्या एखादा निबंध मागे घेतला गेला, तर तपासणी झाली होती की नव्हती, हा वाद त्या एका वाक्याने मिटतो.

विद्यापीठांनी काय करायला हवे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाची वाङ्मयचौर्य तपासणी होते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही आहे. पण वाङ्मयचौर्य तपासणारे सॉफ्टवेअर मजकूर कुठून उचलला आहे का, एवढेच पाहते. मागे घेतलेल्या चाचणीवर आधारलेले प्रकरण स्वतःच्या शब्दांत लिहिले असेल, तर ते या तपासणीत बिनबोभाट उत्तीर्ण होते. साम्य शून्य टक्के आणि आधारही शून्य.

त्यासाठी नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागणार नाही. वर सांगितलेली सगळी साधने मोफत आहेत आणि दोनशे डीओआयची यादी एका दुपारी तपासून होते. प्रबंध स्वीकारताना साम्य-अहवालाशेजारी संदर्भयादीच्या तपासणीचे तारखेसह एक पान जोडायला सांगणे, हे विभागप्रमुखांच्या हातचे आहे. ग्रंथपालांना त्यात सहभागी करून घेतले, तर विद्यार्थ्यांच्या डीओआय नसलेल्या जुन्या नोंदीही मार्गी लागतील.

‘जामा’तील लेखकांनी सात चाचण्या वगळून हिशेब दुसऱ्यांदा केला, म्हणून मृत्यूचा धोका दिसला. ती नावे न तपासता त्यांनी १.०७ वरच लेखणी ठेवली असती, तरी त्यांच्या गणितात कोणालाही चूक काढता आली नसती. चूक गणितात नव्हतीच, ती गणितात घेतलेल्या आकड्यांत होती.